कॅशलेस मंजूर झालं, तरी ८२,६२५ भरायला सांगताहेत. हे बिल कसं वाचायचं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आत्ता हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून लिहितोय, त्यामुळे घाईत आहे.

आई घरात पडली, खुब्याजवळचं हाड मोडलं. खिळा घालून ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकते आहे, ती बाजू ठीक आहे. रात्री तातडीने दाखल केल्यामुळे पॅकेज वगैरे काही ठरलं नव्हतं, सगळं ओपन बिलिंग. पॉलिसी माझी स्वतःची आहे, ऑफिसची नाही. विमा ५ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,०००. दोघांची खोली रिकामी नव्हती म्हणून सिंगल घेतली, तिचं भाडं ८,०००. दाखल करताना ५०,००० डिपॉझिट भरलं होतं.

बिल असं आहे:

खोली, ५ दिवस: ४०,०००
खोलीवरचा जीएसटी: २,०००
नर्सिंग आणि आरएमओ: ८,०००
डॉक्टरांच्या व्हिजिट: १२,०००
सर्जन: ६०,०००
भूल: २०,०००
ओटी: ३०,०००
इम्प्लांट: ४५,०००
औषधं आणि कन्झ्युमेबल्स: ५२,०००
रक्ततपासण्या, एक्स-रे: १८,०००
इतर: ३,०००
एकूण: २,९०,०००

विमा कंपनीचं फायनल ॲप्रूव्हल १,५७,३७५ चं आलं. काउंटरवरच्या मॅडमनी कॅल्क्युलेटरवर दोन आकडे वजा केले, १,३२,६२५ आले. त्यातून डिपॉझिट गेलं की ८२,६२५ भरा म्हणतात. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तेव्हा रोजचे ३,००० आपल्या खिशातून जाणार हे धरलं होतं. पाच दिवसांचे १५,०००. बाकीचे कुठून आले?

चहाटळ
कॅशलेस म्हणजे कॅश लेस. तुमच्याकडची कॅश लेस होते, इतकंच.

मृद्गंध
खोलीमुळेच. भाडं मर्यादेबाहेर गेलं की त्याच प्रमाणात बाकीचं बिलही कापतात. पण माझ्या माहितीप्रमाणे ही प्रमाणात कपात आता नियमाने बंद झाली आहे. विमा नियामकाने २०२० मध्येच काढून टाकली. तुम्ही सरळ नियम दाखवा आणि पूर्ण पैसे मागा.

उंबरठा
कोणता नियम दाखवू? टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी दाव्यांचे कागद बघणारी संस्था, तिच्या डेस्कवरचा मुलगा म्हणतो कपात पॉलिसीतच लिहिलेली आहे.

जुनी_फाईल
मृद्गंध, बंद झालेली नाही, आवळली आहे. हा फरक काउंटरवर महत्त्वाचा ठरतो, कारण "कपात बेकायदा आहे" म्हणून भांडायला गेलात तर समोरचा पॉलिसीचं पान उघडून दाखवेल आणि विषय तिथेच संपेल.

मी बरीच वर्षं टीपीएमध्ये दाव्यांच्या फायली तपासायचं काम केलं, आता निवृत्त आहे. उंबरठा, आधी एक करा. पैसे भरू नका, भांडूही नका. ॲप्रूव्हलच्या पत्रात रक्कम कशी कापली त्याच्या ओळी असतात. पहिल्या पानावर नुसता आकडा असतो, ओळी मागच्या पानावर किंवा जोडपत्रात. त्या इथे टाका. हॉस्पिटलने नुसता आकडा वाचून दाखवला असेल तर पत्राची प्रत मागा. विमा कंपनीच्या ॲपमध्ये किंवा तुमच्या ईमेलवरही ते आलेलं असतं.

एकूण बिलातून मंजूर रक्कम वजा करून येणारा आकडा म्हणजे तुमचं देणं नव्हे. कापलेल्या प्रत्येक ओळीचा मालक वेगळा असतो. काही ओळी तुमच्या, काही हॉस्पिटलच्या, आणि काही मुळात कापायलाच नको होत्या अशा.

उंबरठा
ईमेलमध्ये सापडलं. जसंच्या तसं:

खोलीभाडं मर्यादेपेक्षा जास्त: १५,०००
खोलीवरचा जीएसटी: २,०००
नॉन-पेएबल: ९,००० (औषधांतले ६,०००, "इतर" मधले ३,०००)
प्रपोर्शनेट डिडक्शन ३७.५ टक्के: ८९,६२५
हॉस्पिटल डिस्काउंट: १७,०००

सासुरवाडीकर
एक विचारू का? माझ्या सासऱ्यांचं महात्मा फुले योजनेत झालं होतं, तिथे आम्हाला खोलीचं काही भरावं लागलं नव्हतं. तुम्ही रेशनकार्ड दाखवलंत का?

उंबरठा
नाही हो, ही खासगी पॉलिसी आहे. योजनेतलं नाही.

जुनी_फाईल
सासुरवाडीकर, त्या योजनेत आजारानुसार ठरलेलं पॅकेज सरकारी बाजूने जातं, खोलीच्या वर्गाचा प्रश्नच येत नाही. इथे ते लागू नाही.

उंबरठा, आता ८९,६२५ फोडून बघू. ३७.५ टक्के कुठून आले? मर्यादा ५,०००, भाडं ८,०००. पाच भागिले आठ म्हणजे ६२.५ टक्के मान्य, उरलेले ३७.५ कापले. कपातीचं कारण असं की बऱ्याच हॉस्पिटलांत खोली बदलली की सर्जनची फी, भूल, व्हिजिट सगळ्यांचा दर बदलतो. त्याच सर्जनने त्याच ओटीत तेच ऑपरेशन केलं तरी सिंगलवाल्याला महाग. विमा कंपनी म्हणते, तुम्ही ५,००० च्या खोलीत असता तर फीही त्या खोलीची लागली असती, आम्ही तेवढीच देऊ.

म्हणून कपात लागायची तर खोलीच्या वर्गाबरोबर वाढणाऱ्या खर्चावर लागते. तुमच्या बिलात नर्सिंग ८, व्हिजिट १२, सर्जन ६०, भूल २०, ओटी ३०. बेरीज १,३०,०००. त्याचे ३७.५ टक्के होतात ४८,७५०.

त्यांनी लावलेत ८९,६२५. म्हणजे ४०,८७५ जादा. हे कशावर लावले असतील? इम्प्लांट ४५,०००, नॉन-पेएबल काढून उरलेली औषधं ४६,०००, तपासण्या १८,०००. बेरीज १,०९,०००. करा बघू ३७.५ टक्के.

उंबरठा
४०,८७५. पैशाला पैसा जुळला!

जुनी_फाईल
जुळणारच. नियामकाने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तपासण्या, या तिघांवर प्रमाणात कपात लावायची नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. नव्या पॉलिसींना ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं आणि जुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून नूतनीकरणाच्या वेळी. खिळ्याची किंमत सिंगल खोलीत वाढत नाही, मग तिथे कपात कसली?

तुमच्या पॉलिसीच्या व्याख्यांत "असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस" असा शब्दप्रयोग शोधा. त्याखाली हे अपवाद छापलेले असतात. नियमाची प्रत दाखवण्यापेक्षा त्यांच्याच पॉलिसीतला परिच्छेद दाखवा, काम लवकर होतं.

मृद्गंध
म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो.

जुनी_फाईल
अर्धे बरोबर होतात. काउंटरवर तेवढं पुरत नाही, म्हणून टोकलं. राग नसावा.

सई_पाटणकर
डिस्काउंटच्या ओळीवर कुणी बोललं नाही अजून. काका, ते १७,००० पेशंटने का भरायचे? डिस्काउंट दिला तर रक्कम कमी व्हायला हवी ना?

जुनी_फाईल
सई, बरोबर पकडलंस. मला वाटतं या पूर्ण पत्रात सगळ्यात जास्त पैसे याच ओळीतून चुपचाप जातात, कारण ती कपातीच्या रांगेत बसलेली असते आणि कपातीसारखीच दिसते.

नेटवर्कमधल्या हॉस्पिटलने विमा कंपनीशी करार केलेला असतो, की आमच्या दरांवर इतके टक्के सूट देऊ. बहुतेकदा औषधं आणि इम्प्लांट सोडून. उंबरठांच्या बिलात खोलीचे ४०,००० आणि वरचे १,३०,००० धरून १,७०,०००, त्याचे १० टक्के १७,०००. ही सूट हॉस्पिटलने सोडलेली रक्कम आहे. ती विमा कंपनीकडून मिळाली नाही म्हणून पेशंटकडून घ्यायची, तर मग सूट दिली कुणाला?

कॅशलेसच्या मंजुरीपत्रात खाली अटी छापलेल्या असतात. त्यात साधारण असं असतं, की नॉन-पेएबल बाबी आणि पेशंटने पात्रतेपेक्षा वरची खोली घेतल्यामुळे आलेला फरक सोडून हॉस्पिटलने पेशंटकडून जादा रक्कम घेऊ नये. ती ओळ अधोरेखित करून काउंटरवर ठेवा. काउंटरवर नाही ऐकलं तर बिलिंगच्या व्यवस्थापकाकडे जा, त्यांना करार माहीत असतो.

उंबरठा
अट क्रमांक ३ ला आहे हे. छापील अक्षरं इतकी बारीक आहेत की फोनवर मोठं करून वाचावं लागलं. जातो आत.

खर्डाघाशी
जरा माझंही बघा. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला पॅकेज होतं. सरकारी विमा कंपनीची पॉलिसी, हॉस्पिटल त्यांच्या पीपीएन यादीतलं. तरी "चांगल्या प्रतीची जाळी" म्हणून १८,००० वेगळे घेतले आणि पावती दिली ती औषधाच्या दुकानाची. पॅकेजमध्ये जाळी येते की नाही?

जुनी_फाईल
धागा उंबरठांचा आहे, पण हा प्रश्न सगळ्यांच्या कामाचा आहे म्हणून थोडक्यात. पॅकेजचा एक आकडा असतो, पण त्यात काय काय धरलंय त्याची यादी वेगळी असते. साधारणपणे ठरलेल्या दिवसांची खोली, ओटी, सर्जन, भूल, नेहमीची औषधं आत. इम्प्लांट काही पॅकेजांत आत, काहींत बाहेर, आणि आत असेल तर कुठल्या किमतीपर्यंत तेही लिहिलेलं असतं. पीपीएन ही चार सरकारी साधारण विमा कंपन्यांनी मिळून केलेली हॉस्पिटलांची यादी आहे, त्यात दर आधीच ठरलेले असतात आणि त्याच्या वर पेशंटकडून घ्यायचं नाही अशी अट असते. सुटका एकच. पेशंटने स्वतःहून पॅकेजमध्ये नसलेली वेगळी वस्तू किंवा पद्धत मागितली असेल तर फरक घेता येतो. म्हणून हॉस्पिटल दाखल करतानाच्या कागदांत एक संमतीपत्र घालून ठेवतं. तुम्ही सही केली होती का?

खर्डाघाशी
सह्या तर वीसेक केल्या. त्यात काय होतं कुणास ठाऊक.

जुनी_फाईल
मग आधी त्या कागदाची प्रत मागा. सही असेल तर लढाई अवघड. नसेल तर औषधाच्या दुकानाची पावती हाच तुमचा पुरावा. ऑपरेशनच्या दिवशीची, तुमच्या नावाची, आणि पॅकेजच्या बिलात इम्प्लांटचा स्टिकर नाही, हे सोबत दाखवा.

रानजाई
उंबरठा, औषधांच्या ५२,००० ची पानं वाचलीत का? मी फार्मासिस्ट आहे, हॉस्पिटलमध्येच काम करते, दुसऱ्या शहरात. ओटीत जेवढं सामान मागवतात तेवढं वापरलं जात नाही, उरलेलं परत येतं. बिलात परतीच्या ओळी उणे चिन्हाने दिसायला हव्यात. ऑपरेशनच्या पेशंटच्या बिलात एकही परतीची ओळ नसेल तर विचारा. शिवाय डिस्चार्जच्या दिवशी सकाळी वॉर्डमध्ये पुढच्या दोन दिवसांची इंजेक्शनं आलेली असतात, ती परत जायच्या आत फायनल बिल छापलं जातं.

इम्प्लांटच्या बाबतीत, खिळ्याच्या आणि प्रत्येक स्क्रूच्या पाकिटावरचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेला असतो. त्याची संख्या आणि बिलातली संख्या जुळवा. एक्स-रेमध्ये स्क्रू मोजता येतात, ही गंमत नाही, खरंच मोजा.

उंबरठा
एक्स-रेमध्ये खिळ्याबरोबर तीन स्क्रू दिसतात. बिलात तीनच आहेत, स्टिकरही तीन. परतीच्या ओळी दोन आहेत, सलाईन आणि ग्लोव्हज. इंजेक्शनचं विचारलं, वॉर्डमधून खाली यायचं आहे म्हणतात. ताई, धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं.

काका, डिस्काउंटवर व्यवस्थापकांनी पाच मिनिटं घोळ घातला, "सिस्टीम असंच दाखवते" म्हणाले. अट दाखवली तेव्हा "अकाउंट्सला विचारतो" वर आले. प्रपोर्शनेटसाठी टीपीए डेस्कवरून फेरविचाराचं ईमेल टाकलं आहे, पॉलिसीच्या पानाचा फोटो जोडून.

चहाटळ
आता तीन तास झाले की उरलेलं सगळं बिल विमा कंपनीला भरावं लागतं. नवा नियम आहे २०२४ चा. आरामात बसा.

जुनी_फाईल
आरामात बसू नका. २०२४ च्या मे महिन्यातल्या मास्टर सर्क्युलरमध्ये आहे ते असं: कॅशलेसची विनंती आली की एका तासात निर्णय, आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आली की तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने काही जादा आकारलं, तर तेवढी जादा रक्कम विमा कंपनीने भागधारकांच्या पैशातून सोसायची. जादा म्हणजे उशिरामुळे वाढलेली खोलीभाड्यासारखी रक्कम. मूळ बिल नव्हे.

आणि घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून. डॉक्टर सकाळी राउंडला "आज घरी" म्हणाले आणि बिल दुपारी पाठवलं, तर मधले तास हॉस्पिटलचे. बिल कधी पाठवलं ती वेळ विचारून लिहून ठेवा.

शंकासुर
मी हिशोबतपासनीस आहे, म्हणून एक खोडी काढतो. डिस्काउंट आधी लावायचा की कपात आधी? खोलीचा करारातला दर १० टक्के सुटीनंतर ७,२०० होतो. मग गुणोत्तर ५,००० भागिले ८,००० का, ७,२०० का नाही? तसं केलं तर १,३०,००० चे सूट जाऊन १,१७,००० उरतात, त्यावर कपात ३५,७५० येते, ४८,७५० नाही. खोलीतला फरकही १५,००० ऐवजी ११,०००. एकूण १७,००० चा फरक पडतो, योगायोग बघा, तेवढाच आकडा.

जुनी_फाईल
योगायोग नाही हो. हॉस्पिटलने सोडलेले १७,००० तुमच्या पद्धतीत पूर्णपणे पेशंटच्या वाट्यातून कमी होतात, माझ्या पद्धतीत विमा कंपनीच्या. प्रश्न खरा आहे. मी काम करत होतो तिथे बिलावर छापलेल्या दराने गुणोत्तर काढायचे, आणि दुसरीकडे उलट केलेलंही पाहिलं आहे. पॉलिसीत "प्रत्यक्ष आकारलेलं भाडं" असे शब्द असतात. सुटीनंतर प्रत्यक्ष आकारलं किती, यावर वाद घालता येतो. पण आज संध्याकाळी काउंटरवर हा वाद घालू नका, त्याने बाकीच्या दोन सरळ गोष्टी अडकतील. लेखी तक्रारीत घाला.

शंकासुर
मान्य नाही. एकदा पैसे भरून बाहेर पडलात की कोण ऐकतो?

जुनी_फाईल
ऐकतात, कागद असेल तर. भरताना पावतीवर किंवा ईमेलने "कपात मान्य नसताना भरत आहे" एवढं लिहून ठेवायचं.

अनुराधा_क
खोलीवरच्या २,००० जीएसटीचं काय? तो सरकारी कर आहे, तो विमा कंपनीने द्यायला नको का?

शंकासुर
हॉस्पिटलच्या खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर गेलं की ५ टक्के जीएसटी लागतो, १८ जुलै २०२२ पासून, आयसीयू सोडून. आणि लागला की पूर्ण भाड्यावर लागतो, वरच्या ३,००० वर नाही. म्हणून रोजचे ४००. पात्रतेतली खोली ५,००० चीच असल्यामुळे तिला हा कर लागलाच नसता, तेव्हा ते २,००० विमा कंपनीच्या गळ्यात मारणं अवघड आहे. इथे मी विमा कंपनीच्या बाजूने.

सई_पाटणकर
आणि "इतर" मधले ३,०००? उंबरठादादा, त्यात काय आहे?

उंबरठा
ॲडमिशन किट ९००, फाईल चार्जेस ५००, प्रशासकीय आकार १,६००. औषधांमधल्या ६,००० मध्ये डायपर, ग्लोव्हज, मास्क, अंडरपॅड असं आहे.

जुनी_फाईल
डायपर, ग्लोव्हज तुमच्याच माथी, पॉलिसीच्या पहिल्या यादीत ते न मिळणाऱ्या वस्तू म्हणून असतात. काही पॉलिसींत जादा हप्ता देऊन कन्झ्युमेबल्सचं संरक्षण घेता येतं, तुमच्यात नसावं.

पण ॲडमिशन किट, फाईल उघडण्याचा आकार, प्रशासकीय खर्च ही दुसऱ्या यादीतली माणसं. त्या यादीचं शीर्षकच असं आहे, की या गोष्टी खोलीभाड्यात धरलेल्या आहेत. विमा कंपनी म्हणते खोलीचे पैसे दिले त्यात हे आलं. हॉस्पिटल म्हणतं तुमच्या विम्याने नाकारलं, तुम्ही भरा. माझं मत, ८,००० भाडं घेऊन फाईलचे ५०० वेगळे मागणं शोभत नाही, आणि करारात तसं असेल तर चालतही नाही.

रानजाई
काका, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. त्या याद्या विमा कंपन्यांनी काय द्यायचं यासाठी आहेत. हॉस्पिटलने काय आकारावं हे त्या थेट सांगत नाहीत. आमच्याकडे पेशंट भांडला की हे सोडून देतात, न भांडणाऱ्याकडून घेतात. नियम म्हणून नाही, सोय म्हणून.

जुनी_फाईल
बरोबर, म्हणून मी "करारात असेल तर" म्हटलं. करार पेशंटला बघायला मिळत नाही, तिथेच सगळी गोम आहे.

उंबरठा
अपडेट. सुधारित मंजुरी आली. इम्प्लांट, औषधं, तपासण्या यांच्यावरची कपात काढली, ४०,८७५ वाढवून दिले. मंजुरी आता १,९८,२५०. डिस्काउंटचे १७,००० अकाउंट्सने माझ्या नावावरून काढले, चेहरा मात्र मी त्यांच्या घरातून भांडं उचलल्यासारखा केला होता. फाईलचे ५०० सोडले, किट आणि प्रशासकीय नाही सोडले. इंजेक्शनं परत जमा झाल्यावर १,१५० कमी झाले, पण ते कंपनीच्या मंजुरीत आधीच धरले होते, त्यामुळे ती रक्कम विमा कंपनीच्या वाट्यातून जाईल म्हणतात. जाऊ दे, ते त्यांचंच आहे.

माझ्याकडून एकूण ७४,२५०. डिपॉझिट वजा करून २४,२५० भरले. आई आत्ता गाडीत बसली आहे.

सई_पाटणकर
भारी! ८२ वरून २४.

अनुराधा_क
डिपॉझिटची मूळ पावती हॉस्पिटलने परत घेतली का? माझ्या वेळी घेतली होती आणि फायनल बिलावर ॲडव्हान्स शून्य छापला होता. तेव्हा पैसे देणं जास्त नव्हतं, उलट परत येणं होतं, तर "विम्याचे पैसे खात्यात जमा झाले की देऊ" म्हणून महिनाभर खेळवलं.

उंबरठा
पावतीची फोटोकॉपी ठेवली, मूळ त्यांनी घेतली. फायनल बिलाच्या शेवटच्या पानावर ॲडव्हान्स ५०,००० आणि आजचे २४,२५० दोन्ही दिसतात, सही-शिक्का आहे.

जुनी_फाईल
मग ठीक. आता एक उरलंय, दमला नसाल तर. त्या ४८,७५० मध्ये ओटीचे ११,२५० आहेत, ३०,००० चे ३७.५ टक्के. त्याच सूचनांत असंही आहे, की हॉस्पिटल ज्या खर्चाचा दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नसेल, त्या खर्चावर कपात लावता येत नाही. हॉस्पिटलने दरपत्रक लावलेलं असतं. दोघांच्या खोलीला आणि सिंगलला सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट यांचे दर वेगळे आहेत का बघा.

उंबरठा
दरपत्रकाचा फोटो काढला आहे, लिफ्टशेजारी लावलंय. सर्जन आणि भूल वेगवेगळे. व्हिजिट वेगळ्या. नर्सिंगही. ओटीचा दर मात्र तासावर आहे, खोलीचा उल्लेखच नाही!

जुनी_फाईल
तर ११,२५० मागा. फोटो पुरणार नाही, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या, की ओटीचा आकार सर्व वर्गांना सारखा आहे. त्यासोबत फायनल बिल, ब्रेकअप, दोन्ही मंजुरीपत्रं, भरल्याची पावती, हे विमा कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, टीपीएला नाही. टीपीए फक्त कागद फिरवतो, निर्णय कंपनीचा असतो. उत्तर समाधानकारक नसेल तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, आणि त्यानंतर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही.

शंकासुर
आणि त्यात माझा ७,२०० वाला मुद्दाही घाला.

जुनी_फाईल
घाला, पण दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्यात फक्त ओटी.

मृद्गंध
उंबरठा, लेटरहेडचं पत्र ते देतील का? मला शंका आहे. ओटीचा दर सारखा आहे हे लिहून दिलं तर पुढच्या प्रत्येक पेशंटला ते वापरता येईल.

उंबरठा
मागितलं आहे. "मेडिकल डायरेक्टरची सही लागेल, सोमवारी या" असं सांगितलंय. टाके काढायला यायचंच आहे, तेव्हा विचारतो आणि इथे लिहितो.

खर्डाघाशी
माझ्या जाळीचं संमतीपत्र मिळालं. सही आहे, पण रकमेची जागा कोरी आहे. काका, याचं काय करायचं?